हायवेवरच्या चहाच्या टपरीला नाव कसं द्यावं: ट्रकही थांबावा आणि फॅमिलीही

पुणे-बंगळुरू हायवेवर किणी टोल नाक्यापासून कोगनोळीपर्यंत गाडी चालवत जा आणि चहाच्या पाट्या वाचत जा. दोन जातीची हॉटेलं दिसतील. एकीकडे ट्रकांची रांग लागलेली असते आणि तिथं बायकापोरं घेऊन कोणी उतरत नाही. दुसरीकडे कार उभ्या असतात, पण ड्रायव्हर तिकडं बघतसुद्धा नाही, कारण तिथला चहा आपल्याला परवडायचा नाही असं त्याला पाटीवरूनच वाटतं. चहा दोन्हीकडं साधारण सारखाच असतो. माणूस ठरवतो ते पाटी बघून.

आमची टपरी कागल आणि गोकुळ शिरगावच्या मध्ये, बेळगावकडून येणाऱ्या बाजूला, सर्व्हिस रोडवर आहे. मी आणि माझी थोरली बहीण मिळून ती चालवतो. नाव ठरवताना, पाटी करताना आणि कागद जमवताना जे कळलं ते पायरीपायरीनं लिहितो. चहा कसा करायचा ते यात नाही, ते तुम्हाला येत असणारच.

आधी हे जवळ ठेवा

वही, पेन, टेप, ए-फोर कागदावर प्रिंट काढायची सोय, आणि एक दुचाकी चालवणारा नि एक मागं बसून बघणारा अशी दोन माणसं. कागदपत्रांत जागेचा सातबारा किंवा भाडेकरार, आधार, पॅन, वीजबिल आणि पासपोर्ट फोटो. पेंटरकडं किंवा फ्लेक्सवाल्याकडं इतक्यात जाऊ नका.

१. तुमची पाटी कोण वाचणार ते आधी बघा

हायवेला मधे दुभाजक आहे, म्हणजे तुमचं गिऱ्हाईक एकाच दिशेचं. पलीकडच्या बाजूचा माणूस पाटी वाचेल, पण चहासाठी वळसा घालून येणार नाही. म्हणून पहिला प्रश्न असा, की या बाजूनं येणारा माणूस कुठून निघालाय आणि त्याला गाडीत बसून किती वेळ झालाय.

आमच्या बाजूला निपाणी, बेळगाव, हुबळीकडून येणाऱ्या गाड्या असतात. ट्रकवर केए आणि टीएन पासिंग जास्त, मधूनमधून गुजरात-राजस्थानचे. त्यातले काही सरळ पुण्या-मुंबईकडं जाणारे, तर काही कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत किंवा गोकुळ शिरगावला माल उतरवणारे. हे दुसरे महत्त्वाचे. कंपनीचं गेट उघडेपर्यंत त्यांना कुठंतरी थांबायचंच असतं. फॅमिलीचं बघाल तर अंबाबाईच्या दर्शनाला येणारी माणसं आता पंधरा-वीस मिनिटांत पोचणार असतात, ती सहसा थांबत नाहीत. थांबतात ती पुण्याकडं जाणारी, आणि बेळगावपासून दीड तास बसून कंटाळलेलं पोर ज्यांच्या गाडीत आहे ती.

हेच दुकान समोरच्या बाजूला असतं तर हिशोब बदलला असता. कोल्हापुरातून नुकतीच निघालेली माणसं घरचा चहा पिऊन आलेली असतात. म्हणून दुसऱ्याच्या चालणाऱ्या हॉटेलाचं नाव बघून तसंच आपलं ठेवू नका. त्याची बाजू कुठली, ते आधी बघा.

एक दिवस सकाळी आणि एक दिवस संध्याकाळी तासभर रस्त्याकडेला बसा आणि वहीत चार रकाने करा: ट्रक, टेम्पो, कार, एसटी-ट्रॅव्हल्स. पासिंगही लिहा. कुठल्या भाषेच्या माणसाला तुमचं नाव म्हणता आलं पाहिजे, हे त्या पासिंगवरून कळतं.

२. नावांची यादी करा आणि चार चाळण्यांतून काढा

घरात, मित्रांत विचारून वीस-पंचवीस नावं लिहून काढा. कोल्हापुरात ही यादी साधारण सगळ्यांची सारखीच निघते: अंबाबाई, जोतिबा, शाहू, रंकाळा, रांगडा, नादखुळा, लई भारी, कोल्हापुरी अमृततुल्य. पुढं मग चाळायला लागायचं.

*पहिली चाळण: ते नाव कपावर छापता येईल का?* कागदी कपावर नाव येणार, कप पिऊन झाला की तो टाकला जाणार, टायरखाली येणार. देवाचं किंवा थोरांचं नाव असं पायदळी गेलेलं कोल्हापुरात कोणी खपवून घेणार नाही, आणि बरोबरच आहे. त्यातही छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव किंवा चित्र धंद्यासाठी वापरायला १९५० च्या बोधचिन्हं व नावं यांच्या कायद्यानं बंदी आहे. तो विषय तिथंच संपतो. देवाचा फोटो आत गल्ल्याजवळ लावा, उदबत्ती लावा, पाटीवर आणू नका. शिवाय महालक्ष्मी आणि अंबाबाई नावाची हॉटेलं इतकी आहेत, की ‘महालक्ष्मीला थांबलोय’ असं ड्रायव्हर फोनवर म्हणाला तर ऐकणारा विचारणार, कुठल्या?

*दुसरी चाळण: परक्या माणसाला ते म्हणता येतं का, आणि त्याच्या कानाला ते भलतंच काही तर वाटत नाही ना?* हायवेवरचं नाव वाचून कमी आणि ऐकून जास्त पसरतं. क्लीनर फोनवर सांगतो, ड्रायव्हर मागच्या गाडीला सांगतो. आमच्या यादीत ‘टेका’ हे नाव होतं. जरा टेका, बसा, चहा घ्या. कोल्हापूरच्या माणसाला एकदम पटणारं. पण हिंदी-पंजाबी ड्रायव्हरच्या कानावर ते ‘ठेका’ म्हणून पडतं, आणि ठेका म्हणजे दारूचं दुकान. ‘ड्रायव्हर कट्टा’चंही तसंच. आपल्याला कट्टा म्हणजे बसायची जागा, उत्तरेकडच्या माणसाला गावठी पिस्तूल. शिवाय नावातच ड्रायव्हर आला की कारवाल्याला ते आपलं वाटत नाही.

ही चाळण कशी लावायची? मराठी न येणाऱ्या चार ड्रायव्हरांना नाव एकदाच ऐकवा. मग चहा पाजा, इकडचं तिकडचं बोला आणि दहा मिनिटांनी विचारा, ‘मघाशी नाव काय सांगितलं होतं?’ नाव जसंच्या तसं परत आलं तर ठेवा. मोडून आलं तर सोडा, कितीही आवडलेलं असलं तरी.

*तिसरी चाळण: नाव लांबून वाचता येतं का?* देवनागरीत काही अक्षरं लांबून एकमेकांसारखी दिसतात: भ आणि म, ध आणि घ, थ आणि य, ब आणि व. ‘ख’ लांबून ‘रव’ होतो. पाटीवर ‘थांबा’ लिहिलं की लांबून ‘यांवा’ दिसतं. जोडाक्षरं, रफार आणि वरच्या दुहेरी मात्रांचं तर लांबून काळं फडकंच होतं. ‘स्वादिष्ट’, ‘क्षुधाशांती’ वगैरे नावं लग्नाच्या हॉलमधल्या केटररला चालतील, हायवेवर नाहीत.

*चौथी चाळण: नाव काय कबूल करतं?* ‘रांगडा’, ‘नादखुळा’ ही नावं पोरांना आवडतात. पण कारमध्ये शेजारी बसलेल्या बाईच्या डोळ्यासमोर त्यातून टेबलावर पाय टाकून बसलेला घोळका येतो. ‘अमृततुल्य’ दिसलं की चहा मिळतो एवढंच कळतं, कारण ते सगळीकडंच आहे. नावावरून तिथं माणूस कोण आहे हे कळलं, तर अनोळखी रस्त्यावर थांबायला धीर येतो.

आमच्याकडं या चारही चाळण्यांतून एकच नाव खाली उरलं: आक्काचा चहा.

बहिणीला सगळे आक्काच म्हणतात, त्यामुळं ते नाव यादीत होतंच, पण घरचं म्हणून कोणी मनावर घेतलं नव्हतं. ते टिकलं त्याला कारणं आहेत. थोरल्या बहिणीला कोल्हापूर भागात आक्का म्हणतात, तसंच कन्नडमध्येही अक्का, तमिळमध्ये अक्का आणि तेलुगूतही अक्काच. म्हणजे आमच्या बाजूनं येणारे निम्म्याहून जास्त ड्रायव्हर हा शब्द घरातूनच घेऊन निघालेले असतात. त्यांना पाटी वाचता आली नाही तरी नाव कानात राहतं. उत्तर कर्नाटकात तर चहाला चहाच म्हणतात. हिंदीवाल्याला अर्थ कळला नाही तरी म्हणायला सोपं आहे, आणि त्यात वावगं काही ऐकू येत नाही. कारमधल्या माणसांना पाटीवरूनच कळतं, की इथं एक बाई उभी आहे. आणि दुसरी गोष्ट, आक्का म्हटलं की ड्रायव्हरची जीभ आपोआप सांभाळली जाते. ‘ए, चार कट दे रे’चं ‘आक्का, चार कट द्या’ होतं. शेजारच्या टेबलावरच्या फॅमिलीला हा फरक लगेच जाणवतो. ‘शांतता राखा’ अशी पाटी लावून तो येत नाही.

पण आक्का नावाची टपरी काढून गल्ल्यावर दिवसभर मेव्हणा बसणार असेल तर हे नाव घेऊ नका. लोक आत येताच विचारतात, ‘आक्का कुठं हायत?’ दिवसातला बराच वेळ तरी ती दिसली पाहिजे. तुमच्याकडं आजोबा असतील, मामा असतील, तर त्या नात्याचं नाव याच चाळण्यांतून काढून बघा. उत्तर वेगळं निघेल आणि तसंच निघायला पाहिजे.

३. ओळ लिहा: एक अर्धा ड्रायव्हरचा, एक अर्धा पोराबाळांचा

नावानं ओळख होते, थांबायचं कारण खालच्या ओळीनं द्यायचं असतं. बहुतेक पाट्यांवर ती जागा वाया गेलेली असते. ‘एकदा प्याल, पुन्हा याल.’ ‘चवीचा बादशहा.’ अशा ओळींत खोटं काही नसतं, पण माहितीही काही नसते.

दोन ओळींपासून विशेष जपा. ‘ड्रायव्हर बंधूंसाठी खास सवलत’ लिहिलं की कारवाला समजतो, ही जागा आपली नव्हे. आणि ‘फॅमिलीसाठी स्वतंत्र व्यवस्था’ लिहिलं की ड्रायव्हर समजतो, आपण इथं नकोसे आहोत. त्यात गंमत अशी, की आपल्या भागात ‘फॅमिली’ हा शब्द परमिट रूमच्या पाट्यांवर इतका रुळलाय, की ‘फॅमिली गार्डन’ वाचून खऱ्या फॅमिलीच बिचकतात.

मग लिहायचं काय? प्रत्येकाला थांबण्याआधी एकच काळजी असते, ती शोधा. ड्रायव्हरची काळजी चवीची नसते. गाडी लावता येईल का आणि बाहेर काढता येईल का, ही असते. भरलेला बारा टायर एकदा चुकीच्या जागी घातला की रिव्हर्स काढताना दमछाक होते. आईची काळजी पोराला काय द्यायचं आणि बाथरूम आहे का, ही असते.

आम्ही कागदावर असं करत गेलो:

‘मोठ्या गाड्यांसाठी प्रशस्त पार्किंगची सोय, लहान मुलांसाठी दूध उपलब्ध.’ माहिती खरी, पण वाचताना ग्रामपंचायतीची नोटीस वाचल्यासारखं वाटतं.

‘ट्रकला जागा, पोराला दूध.’ ही छोटी झाली. पण ट्रक म्हणजे किती मोठा, हे कळत नाही. सहा टायरला जागा असलेली ठिकाणं पुष्कळ आहेत.

‘बारा टायरला जागा, बाळाला दूध.’ इथं थांबलो. ‘बारा टायर’ हा ड्रायव्हरचाच शब्द आहे आणि त्यातून मापही कळतं. ‘बारा’ आणि ‘बाळा’ कानाला जुळतात, म्हणून ओळ तोंडात बसते. पाच शब्द, दोन गोष्टी, आणि एकाला बोलावताना दुसऱ्याला बाहेर काढलेलं नाही. उलट कारमधली माणसं ती वाचून हसतात, आणि हसलेला माणूस ब्रेकवर पाय ठेवतो.

ओळ पक्की करण्याआधी ती रात्री दोन वाजता खरी आहे का, ते बघा. आमच्या ओळीसाठी दोन गोष्टी कराव्या लागल्या. एक म्हणजे बारा टायर सरळ आत येऊन सरळ बाहेर पडेल अशी वाट मुरूम टाकून केली, आणि तिथं कार लावायला बंदी घातली. कारला वेगळा कोपरा दिला. त्यामुळं पोरं ट्रकच्या मागं खेळत नाहीत. दुसरं म्हणजे चहाच्या दुधातलंच दूध न देता, साखर न घातलेलं वेगळं पातेलं ठेवलं. बाळाच्या पावडरीसाठी गरम पाणी मागणाऱ्या आयाही येतात. ते फुकट द्या.

हीच कसोटी लावून आम्ही एक चांगली ओळ सोडून दिली. ‘कोल्हापुरी गुळाचा चहा’ असं लिहा, असा सगळ्यांचा आग्रह होता. गूळ आपला प्रसिद्ध आहे हे खरंच. पण गूळ घातल्यावर दूध उकळलं की फाटतं. चहा नीट करायचा तर गूळ-पत्ती पाण्यात उकळायची, दूध वेगळं तापवायचं आणि आच बंद करून दोन्ही एकत्र करायचं. गर्दीच्या वेळी नव्या पोराच्या हातून हे चुकतंच, आणि मग गाळणीत दुधाचे कण दिसायला लागतात. शिवाय ड्रायव्हरला साखरेचा कडक चहा हवा असतो. गुळाचं ऐकून तो पुढं जातो. म्हणून गुळाचा चहा आमच्याकडं आहे, पण आतल्या दरफलकावर.

शौचालयाचं ओळीत घालू नका. त्याची वेगळी छोटी पाटी करा, ‘महिलांसाठी स्वच्छ शौचालय’, आणि ते खरंच धुतलेलं असेल तेवढे दिवसच ती ठेवा. फॅमिली थांबायला या पाटीइतकं जोरदार कारण दुसरं नाही. आणि आत गेल्यावर घाण निघाली, तर गिऱ्हाईक चहा न पिताच निघून जातं.

४. पाटीचं माप भिंतीवर तपासा

ताशी ९० च्या वेगानं जाणारी कार सेकंदाला २५ मीटर जाते. वाचायला दोन-तीन सेकंद, ‘थांबूया का?’ विचारायला दोन-तीन, मग वेग कमी करायला आणखी चार-पाच. म्हणजे पाटी वाचल्यापासून वळेपर्यंत दोनशे मीटर सहज जातात. भरलेला ट्रक हळू असतो, पण तो जोरात ब्रेक मारत नाही. त्यालाही एवढं अंतर लागतंच.

आता खरी मेख. सर्व्हिस रोडवर उतरायचं तोंड तुमच्या टपरीच्या बरंच अलीकडं असतं. पाटी फक्त टपरीवर असेल तर माणूस ती वाचेपर्यंत ते तोंड मागं पडलेलं असतं. तोंड सुटलं की गिऱ्हाईक सुटलं. म्हणून एक पाटी टपरीवर आणि एक त्या तोंडाच्या साधारण दोनशे मीटर अलीकडं, एवढं हवंच.

ही अलीकडची पाटी हायवेच्या हद्दीत लावू नका. दुभाजकावर नाही, विजेच्या खांबावर नाही, झाडावर नाही. राष्ट्रीय महामार्गाची जमीन २००२ च्या कायद्याखाली येते. तिथली पाटी काढून नेली तर तक्रार करायलाही जागा नाही. रस्त्याकडेच्या शेतकऱ्याच्या खासगी रानात लावा, त्याचं लेखी संमतीपत्र घ्या, वर्षाचं काही ठरवून द्या आणि ग्रामपंचायतीची परवानगी काढा. रुंदीकरणाची हद्द कुठवर आहे हेही विचारून घ्या, कारण सहापदरीकरणात रस्त्याची कड सरकते.

आणि ऊस विसरू नका. उन्हाळ्यात रान मोकळं असताना पाटी झकास दिसते. दिवाळीपर्यंत ऊस दहा-बारा फूट वाढतो आणि पाटी गायब होते, ती तोडणी येईपर्यंत. पाटीची खालची कड जमिनीपासून बारा-तेरा फुटांवर ठेवा, किंवा सोयाबीन-भुईमूग करणाऱ्याचं रान बघा.

अक्षराची उंची अशी काढा: साधारण तीस फुटांवरून आरामात वाचायला एक इंच. एक फुटाचं अक्षर ३६० फुटांवरून, म्हणजे जवळपास ११० मीटरवरून वाचता येतं. ९० च्या वेगात एवढ्यात चार सेकंद मिळतात, पुरे. हे पैसे घालण्याआधी तपासता येतं. ए-फोर कागदावर नाव एक इंच उंचीच्या अक्षरांत छापा, भिंतीवर चिकटवा आणि तीस फूट मागं जा. ज्याला नाव माहीत नाही अशा माणसाला कागदाकडं दोनच सेकंद बघू द्या आणि विचारा काय वाचलं. चष्मेवाले काका, शाळेतलं पोर आणि मराठी कमी येणारा कोणी, असे तिघे घ्या. मग पाटी लागल्यावर दुचाकीवर मागं बसून हेच परत बघा, एकदा दिवसा आणि एकदा रात्री.

अलीकडच्या पाटीवर फक्त नाव, एक चित्र आणि ‘पुढे डावीकडे’ असा बाण. खालची ओळ तिथं नको, ती कोणी वाचत नाही. ओळ टपरीवरच्या पाटीवर घाला. तिथं गाडी सर्व्हिस रोडवर सावकाश आलेली असते, त्यामुळं अक्षर निम्मं असलं तरी चालतं.

चित्र चहाच्या ग्लासाचं काढा, वाफ येणाऱ्या. कपबशी दिसायला छान असते, पण ते निवडणुकीतलं चिन्हही असतं. ऐन पंचायतीच्या धामधुमीत कोणाच्या तरी पॅनेलचा प्रचार गळ्यात पडायचा.

५. पेंटर आणि फ्लेक्सवाल्याकडं गेल्यावर

पिवळ्यावर काळं किंवा गडद लालवर पांढरं, याच्या पलीकडं जाऊ नका. हिरव्यावर पांढरं टाळा, ते सरकारी दिशादर्शक पाटीसारखं दिसतं. वळणदार, ब्रशचे फटकारे असलेली अक्षरं मोबाईलवर भारी दिसतात, लांबून त्यांचा गुंता होतो. ‘आक्का’मधला ‘क्का’ एकाखाली एक असा जुन्या पद्धतीचा काढू देऊ नका, त्याचा डाग पडतो. अर्धा क शेजारी घ्यायला सांगा. आणि वरच्या मात्रा-वेलांट्यांना चौकटीपासून हातभर मोकळी जागा सोडायला सांगा, नाहीतर चौकट ठोकताना वेलांटी कापली जाते.

फ्लेक्सच्या दुकानात बऱ्याचदा जुना फॉन्ट वापरून टाइप करतात. तुम्ही मोबाईलवर पाठवलेला मजकूर तिथं उघडताना रफार आणि जोडाक्षरं इकडची तिकडं होतात. स्क्रीनवर बघून ‘हो’ म्हणू नका. कागदावर छापून घ्या, घरी न्या, दोघांना वाचायला द्या आणि मगच मोठं छापायला सांगा.

रात्रीसाठी अलीकडच्या पाटीची अक्षरं रेडियमची करा. गाडीचा दिवा पडला की चमकतात, वीज लागत नाही. टपरीवर साधा पांढरा किंवा पिवळा प्रकाश वरून पाडा. लाल-निळी उघडझाप करणारी माळ अजिबात नको. रात्री त्या माळेचा अर्थ या रस्त्यावर एकच होतो, बार. फॅमिली गाडी हळूसुद्धा करत नाही.

भाषेचं म्हणाल तर २०२२ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात लहानमोठ्या सगळ्या दुकानांची पाटी मराठीत, देवनागरीत हवी. दुसरी भाषा लिहायला हरकत नाही, पण मराठी आधी आणि तिचं अक्षर दुसऱ्यापेक्षा लहान नको. आम्ही खाली कन्नड लिपीत ‘अक्कन चहा’ आणि इंग्रजीत नुसतं आक्का लिहिलंय. हिंदी वेगळी घातली नाही, देवनागरी त्यांना वाचता येते.

६. नावाचे कागद

इथं लांबण लावत नाही, पण एक गोष्ट आधी करा: इंग्रजी स्पेलिंग एकदाच ठरवून वहीत लिहून ठेवा. आमचं `Akkacha Chaha`. एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं झालं की बँकेत चालू खातं काढताना अडतं, आणि स्कॅन केल्यावर मोबाईलवर भलतंच नाव आलं की गिऱ्हाईक पैसे पाठवायला कचरतं.

ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला आधी. मग अन्न सुरक्षेची नोंदणी `foscos.fssai.gov.in` वर स्वतः करा. तो नंबर दुकानात दिसेल असा लावायचा असतो. दुकान कायद्याखाली माणसं थोडी असतील तर फक्त सूचना द्यायची असते, परवाना लागत नाही. उद्यम नोंदणी `udyamregistration.gov.in` वर फुकट होते. तिच्यासाठी कोणी पैसे मागितले तर तो मधला माणूस आहे एवढं समजा.

ट्रेडमार्क लगेच काढायची गरज नाही, पण दुसऱ्याच्या नावावर पाय पडत नाही ना, हे पाटी छापण्याआधी बघा. ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर शोध फुकट आहे. वर्ग ४३ मध्ये, म्हणजे खाण्यापिण्याच्या सेवेत, नाव टाकून बघा. स्पेलिंग बदलून दोन-तीनदा बघा. गाजलेल्या चहाच्या साखळीच्या नावातलं एखादं अक्षर बदलून घेणारे बरेच आहेत. नोटीस येते तेव्हा पाटी, कप, बिलबुक सगळं बदलावं लागतं.

गुगल मॅप्सवर पाटीवर आहे तेच नाव घाला. नावाच्या पुढं ओळ, ‘बेस्ट टी’, ‘कोल्हापूर हायवे’ असलं काही जोडू नका. त्यांच्या नियमात ते बसत नाही आणि नोंद अडकते. ठिकाणाची टाचणी सर्व्हिस रोडवर बरोबर पडली आहे का, ते स्वतः गाडी लावून बघा. ती हायवेवर पडली तर मॅप गिऱ्हाईकाला तोंडाच्या पुढं नेऊन सोडतो.

७. पाटी लागल्यावर महिनाभर

‘पाटी कशी वाटली?’ असं विचारू नका, सगळे छानच म्हणतात. ‘कुठून वळलात?’ असं विचारा. ‘पुढं जाऊन परत आलो’ असं उत्तर वरचेवर यायला लागलं, तर अलीकडची पाटी तोंडाच्या फार जवळ आहे, ती आणखी मागं न्या. ‘कोणीतरी सांगितलं’ असं उत्तर आलं, तर काय नाव सांगितलं ते विचारा. लोक ‘आक्का’ एवढंच म्हणतात, ‘चहा’ गळून पडतो. म्हणून कपावर आम्ही नुसतं ‘आक्का’ मोठं छापलं.

आणि आवारात ट्रक आणि कार एकाच वेळी उभ्या आहेत का, ते बघा. नुसते ट्रकच दिसायला लागले, तर कारच्या कोपऱ्यात कोणी ट्रक घालतंय का आणि शौचालयाला पाणी आहे का, हे आधी तपासा. नुसत्या कारच असतील, तर बारा टायरच्या वाटेवर कोणीतरी गाडी लावून ठेवलेली असते. पाटीला हात लावायची वेळ त्यानंतर.